गाडी सुटली कधी? व्हिएतनामी भाषेतले दा, दांग आणि से

व्हिएतनामी वर्तमानपत्रांत, सरकारी निवेदनांत आणि कंपन्यांच्या जाहिरातींत एक शब्दसमूह वारंवार भेटतो: ‘दा, दांग वा से’. मधला ‘वा’ म्हणजे ‘आणि’. हे तीन छोटे शब्द एकाच क्रियापदाआधी ओळीने बसतात आणि ‘आम्ही केले आहे, करत आहोत आणि करणार आहोत’ असा भारदस्त अर्थ देतात. ही ओळ वाचणाऱ्या परक्या माणसाच्या मनात लगेच एक तक्ता तयार होतो: दा म्हणजे भूतकाळ, दांग म्हणजे वर्तमानकाळ, से म्हणजे भविष्यकाळ. नवशिक्यांच्या पुस्तकांतही बहुधा हाच तक्ता असतो.

तो पूर्ण खोटा नाही. पण इंग्रजीतल्या काळांची जागा हे तीन शब्द घेतात असे धरून जो व्हिएतनामी बोलू लागतो, त्याची वाक्ये ऐकणाऱ्याला अवघडलेली वाटतात आणि काही ठिकाणी अर्थच बदलतो. हे शब्द घडीव काळांपेक्षा वेगळ्या कामासाठी आहेत. ते काम समजले की या भाषेत वेळ कशी सांगतात याचे चित्र स्वच्छ होते.

सुरुवात क्रियापदापासूनच करावी लागते. व्हिएतनामी क्रियापद कधीही बदलत नाही. ‘जाणे’ या अर्थाचा शब्द आहे ‘दी’. मराठीत त्याच क्रियेसाठी गेलो, गेले, गेली, जातो, जाते, जाईन, जाणार अशी रूपांची रांग उभी राहते. करणारा कोण, पुरुष की स्त्री, एक की अनेक, हेही त्या रूपांतून कळते. व्हिएतनामीत सगळीकडे फक्त दी. ‘होम क्वा तोय दी ह्वे’ म्हणजे काल मी ह्वेला गेलो. ‘होम नाय तोय दी ह्वे’ म्हणजे आज मी ह्वेला जातोय. ‘माय तोय दी ह्वे’ म्हणजे उद्या मी ह्वेला जाणार. ह्वे हे मध्य व्हिएतनाममधले जुन्या राजधानीचे शहर, ‘तोय’ म्हणजे मी. तिन्ही वाक्यांत बदलला तो फक्त काल, आज, उद्या हा शब्द. दा नाही, दांग नाही, से नाही, आणि तरीही तिन्ही वाक्ये शुद्ध, पूर्ण आणि रोजच्या बोलण्यातली आहेत.

(या लेखात व्हिएतनामी शब्द देवनागरीत जवळच्या उच्चाराने दिले आहेत. मूळ भाषेत प्रत्येक अक्षराला सूर असतो आणि हनोईच्या बोलीत असे सहा सूर आहेत. ते देवनागरीत दाखवता येत नाहीत. व्हिएतनामी लेखन रोमन लिपीत असते आणि सूर अक्षरांवरच्या व खालच्या खुणांनी दाखवतात. ‘दा’ आणि ‘दांग’ यांतला ‘द’ हा आडवी रेघ मारलेल्या ‘डी’ने लिहितात. रेघ विसरली तर उच्चारही बदलतो आणि शब्दही.)

इंग्रजीत असे चालत नाही. वाक्यात ‘यस्टरडे’ असला तरी ‘गो’चे ‘वेंट’ करावेच लागते. काल हे सांगून झालेले असते, तरी क्रियापदाने ते पुन्हा सांगायचे. मराठीतही ‘काल मी जातो’ म्हणता येत नाही. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९५९ मध्ये भाषांतरावर लिहिलेल्या निबंधात एक मुद्दा मांडला होता. भाषांमधला खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसतो, काय सांगणे त्या भाग पाडतात यात असतो, असा त्याचा आशय. इंग्रजी प्रत्येक वाक्यात भूतकाळ की नाही हे सांगायला भाग पाडते. व्हिएतनामी पाडत नाही. वेळ एकदा कळली की ती पुढच्या वाक्यांना लागू राहते, आणि दा, दांग, से हे शब्द वेगळ्या गरजेसाठी मोकळे राहतात.

ती गरज कोणती, हे एका साध्या कथनातून पाहू.

‘होम क्वा त्रय मुआ. तोय जय मुओन, अन सांग, रोय रा गा. देन नय थी ताउ दा चय.’ शब्दाला शब्द लावला तर: काल आकाश पाऊस. मी उठणे उशिरा, खाणे सकाळ, मग बाहेर-जाणे स्टेशन. पोचणे ठिकाण तर गाडी दा धावणे. स्टेशनसाठीचा ‘गा’ हा शब्द फ्रेंच राजवटीत रेल्वेबरोबर आला, फ्रेंच ‘गार’वरून. सरळ मराठीत सांगायचे तर: काल पाऊस होता. मी उशिरा उठलो, न्याहारी केली, मग स्टेशनवर गेलो. पोचलो तर गाडी सुटलेली होती.

सगळी हकिकत कालची आहे. पाऊस पडला, उठणे झाले, खाणे झाले, जाणे झाले, पोचणे झाले. इंग्रजीत या प्रत्येक क्रियापदाला भूतकाळाचे रूप लागेल. व्हिएतनामी कथनात मात्र ‘दा’ फक्त एकदा येतो, शेवटच्या वाक्यात, गाडीच्या आधी नव्हे तर गाडीच्या धावण्याआधी. तो भूतकाळ सांगत नाही, कारण भूतकाळ पहिल्याच ‘होम क्वा’ने सांगून झाला आहे. तो सांगतो की मी पोचलो त्या क्षणी गाडीचे सुटणे आधीच उरकले होते.

आता तो दा काढून पाहावा. ‘देन नय थी ताउ चय’ म्हटले तर अर्थ होतो: मी पोचलो आणि गाडी सुटली, डोळ्यांदेखत. दाच्या जागी दांग ठेवला तर गाडी त्या वेळी चालत होती. ‘सप’ ठेवला तर गाडी सुटण्याच्या बेतात होती, धावत जाऊन पकडता आली असती. ‘चुआ’ ठेवला तर गाडी अजून सुटली नव्हती. जागा एकच, क्रियापद तेच, वेळ कालचीच. बदलते ती पोचण्याच्या क्षणी गाडीची अवस्था. या जागेवर बसणारे शब्द घड्याळातली वेळ सांगत नाहीत. ते क्रिया कुठवर आली हे सांगतात.

नवशिक्याची चूक इथेच उघडी पडते. इंग्रजीच्या सवयीने तो प्रत्येक क्रियापदाआधी दा लावतो: पाऊस दा पडला, मी दा उठलो, दा खाल्ले, दा स्टेशनवर गेलो. व्याकरणाने कोणी अडवत नाही, अर्थही कळतो. पण ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्यात ‘हे आधीच झालेले होते’ असा दाब जाणवतो, आणि शेवटी जेव्हा खरोखर ‘आधीच’ म्हणायची वेळ येते तेव्हा दाला काही वजन उरत नाही. गाडी चुकल्याची बातमी बाकीच्या बातम्यांत हरवून जाते.

दा हा भूतकाळ नाही याचा याहून ठळक पुरावा स्थिती सांगणाऱ्या शब्दांबरोबर मिळतो. ‘बा अय दा जा.’ बा अय म्हणजे त्या आजी, जा म्हणजे म्हातारे असणे. दाला भूतकाळ मानून याचे इंग्रजीत भाषांतर केले तर ‘त्या म्हाताऱ्या होत्या’ असे होईल, आणि ऐकणाऱ्याला वाटेल की त्या आता हयात नाहीत. मूळ वाक्याचा अर्थ अगदी उलट आहे: त्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्या समोर बसलेल्या असताना हे बोलता येते. ‘त्रय दा सांग’ म्हणजे उजाडले आहे, आत्ता, या घटकेला. स्थितीत शिरणे पूर्ण झाले, एवढेच दा सांगतो. त्यानंतर ती स्थिती चालू राहायला हरकत नसते.

दा भविष्यातही जातो. उद्या या वेळी मी ह्वेला पोचलेला असेन, हे सांगताना व्हिएतनामी माणूस ‘उद्या’ या शब्दापाठोपाठ बिनधास्त दा वापरतो. उद्याच्या त्या क्षणी उभे राहून पाहिले तर पोचणे उरकलेले आहे, म्हणून दा.

मराठी वाचकाला हे वाटते तितके परके नाही. दारात उभे राहून कोणी हाक मारली की आतला माणूस ‘आलो, आलो!’ म्हणतो, तेव्हा तो अजून खुर्चीवरून उठलेलाही नसतो. ‘गाडी आली की फोन कर’ या वाक्यातली गाडी उद्याची असू शकते. ‘पाऊस आला तर जाणार नाही’ यातला पाऊस पडलाच नाही अजून. ज्या रूपाला शाळेत भूतकाळ म्हणून शिकवले, ते रूप इथे क्रिया पुरी होण्याकडे बोट दाखवते. मराठीत हा वापर ठरावीक जागी होतो आणि बाकी वेळी रूपाला काळाचे बंधन असते. व्हिएतनामी दाचे मुख्य कामच हे आहे.

दाची आणखी एक जागा आहे, आणि ती तक्त्यात मुळीच बसत नाही. ‘दा अन कम’ म्हणजे जेवण झाले आहे. ‘कम’ म्हणजे भात, आणि ‘अन कम’, भात खाणे, म्हणजे जेवणे. आता तोच दा वाक्याच्या शेवटी न्यावा: ‘अन कम दा!’ याचा अर्थ ‘आधी जेवून घेऊ’, बाकीचे नंतर. जेवण अजून व्हायचेच आहे. ‘ख्वान दा’ म्हणजे ‘जरा थांब’. शेवटी आलेला दा आज्ञेला किंवा सूचनेला जोडतो आणि सांगतो की दुसऱ्या कशाकडे वळण्यापूर्वी हे पुरे होऊ दे. दोन्ही जागांतला समान धागा ‘आधी’ हा आहे. सुरुवातीला आला तर एखाद्या क्षणाच्या आधी झालेले, शेवटी आला तर दुसऱ्या कामाच्या आधी करायचे.

दाची जोडी नकारात कशी जुळते हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत भूतकाळाचा नकार सरळ असतो: केले, नाही केले. व्हिएतनामीत ‘जेवलो’चा स्वाभाविक नकार ‘दा’ला ‘नाही’ जोडून होत नाही. तो ‘चुआ’ने होतो, आणि चुआ म्हणजे ‘अजून नाही’. ‘आञ अन कम चुआ?’ असे विचारले की उत्तर दोनच: ‘रोय’, म्हणजे झाले, किंवा ‘चुआ’, म्हणजे अजून नाही. ‘आञ’ हा मोठ्या भावासाठीचा शब्द; ओळखीपाळखीच्या, साधारण आपल्या वयाच्या किंवा थोड्या मोठ्या पुरुषाला त्यानेच संबोधतात.

हीच चौकट आयुष्याच्या मोठ्या प्रश्नांनाही लागू होते. ‘आञ दा कॉ जा दिञ चुआ?’ म्हणजे तुमचे कुटुंब आहे का, लग्न झाले आहे का. प्रश्नाच्या सुरुवातीला दा आणि शेवटी चुआ: झाले आहे, की अजून नाही? अविवाहित माणसाने ‘चुआ’ म्हणावे अशी अपेक्षा असते, मग त्याचे वय काही असो. सरळ ‘नाही’ म्हणणारा ‘खोंग’ हा शब्द इथे दार लावून घेतल्यासारखा वाटतो. परदेशी शिकणाऱ्यांना हे उत्तर अगदी सुरुवातीच्या धड्यांत घोकायला लावतात. ‘दा खोंग’ असा जोड भाषेत नाही असे मात्र नाही. मुद्दाम केले नाही हे ठासून सांगताना किंवा ‘माहीत असते तर आलो नसतो’ अशा न घडलेल्या गोष्टीत तो येतो. रोजच्या नकाराची वाट मात्र चुआची आहे.

दांगचे वागणे तुलनेने सोपे. क्रिया चालू आहे, मध्यावर आहे, हे तो सांगतो. ती आत्ताच चालू असली पाहिजे असे बंधन नाही. ‘लुक आञ गॉय, तोय दांग अन कम’ म्हणजे तुम्ही फोन केलात तेव्हा मी जेवत होतो. फोनची वेळ गेलेली आहे, म्हणून जेवणेही गेलेले; दांगला त्याच्याशी देणेघेणे नाही. इंग्रजीत इथे ‘ॲम’चे ‘वॉज’ करावे लागते.

इंग्रजीशी दुसरा फरक असा की दांग तात्पुरत्या स्थितीलाही लागतो. ‘तोय दांग दॉय’ म्हणजे मला आत्ता भूक लागलेली आहे. दांग सांगतो की ही स्थिती सध्याची आहे, थोड्या वेळाने जाईल. आजारी असणे, कामात असणे, आनंदात असणे यांनाही तो चालतो. उंच असणे यासारख्या कायमच्या गुणाला मात्र तो लावला तर वाक्य विचित्र वाटते. ‘दा वा दांग’ असा जोडही लेखी भाषेत सर्रास दिसतो: पूर्वीपासून करत आलो आणि आजही करतो आहोत. एकाच क्रियेला हे दोन शब्द एकत्र लागू शकतात, कारण ते एकमेकांना बाद करणारे काळ नाहीत.

से भविष्याच्या सर्वांत जवळ जातो, तरी तोही पूर्णपणे भविष्यकाळ होत नाही. बेत ठरलेला असेल आणि दिवस सांगितला असेल तर से लागत नाही. ‘माय तोय दी ह्वे’ पुरते. से आला की त्यात बोलणाऱ्याचा निश्चय, वचन किंवा अंदाज मिसळतो. आणि तो भूतकाळातही राहतो. ‘होम क्वा आञ अय नॉय से देन’ म्हणजे काल तो म्हणाला की येईन. येणे हे म्हणण्याच्या नंतरचे होते, एवढे से सांगतो. तो आला की नाही, आणि ती वेळ आज उलटून गेली की नाही, याची त्याला पर्वा नाही. इंग्रजीत इथे ‘विल’ मागे खेचून ‘वुड’ करावे लागते, कारण तिथले मोजमाप बोलण्याच्या क्षणापासून सुरू होते. व्हिएतनामी शब्दांचे मोजमाप त्या वाक्यात ज्या क्षणाची गोष्ट चालली आहे तिथून होते.

या तिन्ही शब्दांना हात न लावता काळ सांगण्याची एक सुंदर सोय प्रश्नांत आहे. ‘खी नाव’ म्हणजे कधी. ‘खी नाव आञ दी?’ असे विचारले तर अर्थ: तुम्ही कधी जाणार? तेच शब्द फिरवून ‘आञ दी खी नाव?’ म्हटले तर: तुम्ही कधी गेलात? ‘कधी’ आधी आला की पुढची गोष्ट, शेवटी आला की मागची. एकही शब्द वाढला नाही, एकही बदलला नाही. मराठीत ‘कधी जाणार तुम्ही’ आणि ‘तुम्ही कधी जाणार’ यांत फक्त सुराचा फरक पडतो. तिथे त्याच फिरवाफिरवीने भूत आणि भविष्य वेगळे होतात.

मग दा, दांग, से हे काळवाचक आहेत हा समज आला कुठून? फ्रेंच अमलात व्हिएतनामी भाषेची जी अनेक व्याकरणे लिहिली गेली, त्यांच्यासमोर फ्रेंचचा साचा होता. त्या साच्यात भूत, वर्तमान, भविष्य असे तीन कप्पे होते आणि त्यांत ठेवायला हे तीन शब्द सोयीचे वाटले. या मांडणीला सर्वांत जोरकस विरोध केला तो काव स्वन हाव (१९३०–२००७) या भाषाशास्त्रज्ञाने. टॉल्स्टॉय आणि दोस्तोयेव्स्की यांच्या मोठ्या कादंबऱ्या व्हिएतनामीत आणण्यात त्यांचा हात होता, त्यामुळे काळांनी लगडलेली रशियन वाक्ये काळ नसलेल्या भाषेत उतरवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९९८ मध्ये ‘भाषा’ या नावाच्या व्हिएतनामी नियतकालिकात त्यांनी लिहिलेल्या निबंधाची भूमिका अशी, की व्हिएतनामीत व्याकरणाने बांधलेला काळ नाही, आहे ती क्रियेची अवस्था. सगळ्यांना हे मान्य नाही. से हा काळाच्या बराच जवळ जातो असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि बातमीच्या भाषेत दा कित्येकदा नुसत्या भूतकाळासारखा वापरला जातो हेही खरे. पण काळाचे प्रत्येक वाक्यात सांगावे लागणारे रूप या भाषेत नाही, याबाबत फारसे दुमत नाही.

व्हिएतनामी ज्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, त्याच कुळाच्या मुंडा शाखेतली कोरकू भाषा महाराष्ट्रात मेळघाटात बोलली जाते. नाते दूरचे आहे, आणि बांधणी तर उलटी. कोरकू क्रियापदाला प्रत्ययांची माळ लागते आणि काळही त्याच माळेत येतो. त्यामुळे कुळ एक म्हणून काळ सांगण्याची रीतही एक असेल, असा अंदाज इथे टिकत नाही.

उलट दिशेचा त्रास व्हिएतनामी विद्यार्थ्यांना होतो. इंग्रजी शिकताना ते ‘यस्टरडे आय गो’ म्हणतात, कारण ‘यस्टरडे’ने वेळ सांगून झाली असे त्यांना वाटते. नियम पाठ झाला तरी अडचण संपत नाही. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी जोडव्यंजन येत नाही आणि शेवटचे व्यंजन मोकळे सोडून उच्चारत नाहीत, म्हणून ‘वॉक्ड’चा शेवट गिळला जातो आणि उरतो ‘वॉक’. लिहिताना बरोबर असलेला भूतकाळ बोलताना नाहीसा होतो. ‘ऑलरेडी’ हा शब्द मात्र त्यांच्या बोलण्यात वाजवीपेक्षा जास्त येतो. दाचे आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या रोयचे काम ते त्याच्याकडून करून घेतात.

व्हिएतनामी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाने आपला परिच्छेद लिहून झाल्यावर एक कसोटी लावावी. सगळे दा खोडावेत आणि परिच्छेद पुन्हा वाचावा. ज्या वाक्यात ‘आधीच’, ‘एव्हाना’ किंवा ‘झालेले होते’ हा अर्थ हरवला, तिथला दा परत लिहावा. जिथे काहीच हरवले नाही, तिथला खोडलेलाच राहू द्यावा. वरच्या गाडीच्या हकिकतीत ही कसोटी लावली तर पाच क्रियांचे दा जातात आणि गाडीच्या सुटण्याचा तेवढा उरतो.